एक इनपुट जोडलं की बाकीच्यांचे गेन का बदलतात? असमान रेझिस्टरचा समिंग-डिफरन्स अँप्लिफायर

प्रश्न: सर, एका ७४१ ऑप-अँपवर चार इनपुट घेतली आहेत. मायनस पिनवर V1 (२० के मधून) आणि V2 (५० के मधून), फीडबॅक १०० के. प्लस पिनवर V3 (२५ के) आणि V4 (१०० के), शिवाय पुस्तकातल्या डिफरन्स अँप्लिफायरसारखा प्लस पिनवरून ग्राउंडला १०० के. चारही इनपुट बफर करून दिली आहेत, सप्लाय ±१२ व्होल्ट. V1 = ०.२, V2 = −०.५, V3 = ०.६, V4 = ०.३ व्होल्ट. V2 ची वायर काढलेली असताना आउटपुट १.७ येतं, Rf/R च्या हिशेबाने अगदी बरोबर. V2 जोडल्यावर २.७ यायला हवं, पण ३.६ येतं. म्हणजे V2 चा गेन २ ऐवजी ३.८ पडतोय. ५० के बदलून पाहिला, आयसी बदलून पाहिली, तेच. चुकतंय कुठे?

उत्तर:

V2 चा गेन उणे दोनच आहे. ५० के चांगला आहे, आयसीही चांगली आहे, आणि ३.६ हे या सर्किटचं बरोबर उत्तर आहे. V2 ची वायर जोडली तेव्हा V3 आणि V4 चे गेन बदलले, आणि त्यांनी वाढवलेला भाग तुम्ही V2 च्या खात्यावर टाकलात.

हे दोन मिनिटांत तपासता येईल. V2 ची वायर उपटण्याऐवजी ५० के चं ते टोक ग्राउंडला जोडा. आउटपुट १.७ नाही, २.६ येईल. आता तिथे −०.५ व्होल्ट द्या, ३.६ येईल. फरक बरोबर एक व्होल्टचा, म्हणजे अर्ध्या व्होल्टला दुप्पट. वायर मोकळी सोडणं आणि इनपुट शून्य करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुपरपोझिशनमध्ये व्होल्टेज सोर्स 'बंद' करायचा म्हणजे त्याच्या जागी शॉर्ट टाकायचा, रेझिस्टर मात्र जागेवरच राहतो. वायर उपटली की रेझिस्टरच सर्किटमधून जातो आणि तुम्ही भलतंच सर्किट मोजत बसता.

पण मोकळ्या वायरने V3 आणि V4 चे गेन नेमके का बदलावेत, आणि मुळात V2 काढलेला असताना सगळं इतकं चोख का जुळत होतं, हे पाहण्यासारखं आहे.

हिशेब सोपा व्हावा म्हणून मी एक सवय लावून घेतली आहे. प्रत्येक रेझिस्टरला त्याच्या किलोओहमऐवजी Rf/R या आकड्याने ओळखायचं. याला मी वजन म्हणतो. खरं तर ही त्या रेझिस्टरची वाहकताच आहे, फक्त Rf च्या वाहकतेला एक मानून मोजलेली. तुमच्या सर्किटमध्ये Rf १०० के आहे, म्हणून २० के चं वजन ५, ५० के चं २, २५ के चं ४ आणि १०० के चं १. खुद्द Rf चं वजनही १. एवढं केलं की किलोओहम विसरून जायचे.

आधी प्लस पिन बघू. ऑप-अँपची पिन करंट घेत नाही असं धरलं, तर तीन रेझिस्टर एका नोडवर येऊन मिळतात: V3 वजन ४, V4 वजन १, आणि ग्राउंडकडचा वजन १. नोडचं व्होल्टेज म्हणजे या तिघांची भारित सरासरी. त्याला Vx म्हणू.

```
Vx = (4·V3 + 1·V4 + 1·0) / 6
```

छेदातला ६ म्हणजे प्लस पिनवरच्या सगळ्या वजनांची बेरीज. तिला P म्हणू. अंशात ग्राउंडचा शून्य मी मुद्दाम लिहिला आहे, तो पुढे कामाला येणार आहे.

आता मायनस पिन. फीडबॅकमुळे ऑप-अँप ही पिनसुद्धा Vx वरच आणून ठेवतो. इथे येणाऱ्या सगळ्या करंटची बेरीज शून्य:

```
5·(V1 − Vx) + 2·(V2 − Vx) + 1·(Vo − Vx) = 0

Vo = 8·Vx − 5·V1 − 2·V2
```

इथला ८ म्हणजे मायनस पिनवरच्या सगळ्या वजनांची बेरीज, ५ + २ + १, त्यात Rf ही धरलेला. याला N म्हणू. दोन्ही एकत्र केलं की कितीही इनपुट असोत आणि रेझिस्टर कितीही असमान असोत, सूत्र एकच राहतं:

```
Vo = (N/P) · (प्लस बाजूच्या वजन × व्होल्टेजची बेरीज)
     − (मायनस बाजूच्या वजन × व्होल्टेजची बेरीज)
```

मायनस बाजूच्या इनपुटचा गेन म्हणजे त्याचं स्वतःचं वजन, बस. तिथे शेजारी कोण आहे याने फरक पडत नाही. प्लस बाजूच्या इनपुटचा गेन मात्र वजन गुणिले N/P, आणि या N/P मध्ये दोन्ही पिनांवरचे सगळे रेझिस्टर बसलेले आहेत. म्हणून मायनस पिनवर नुसता एक रेझिस्टर वाढवला, त्याचं दुसरं टोक ग्राउंडला का असेना, तरी N वाढतो आणि प्लस बाजूचे सगळे गेन वर जातात.

तुमचे आकडे घाला. N = ८, P = ६. म्हणून V3 चा गेन ४ नव्हे, ४ × ८/६ = ५.३३. V4 चा १ नव्हे, १.३३. बेरीज करा: −१ + १ + ३.२ + ०.४ = ३.६. मल्टिमीटर हेच सांगतो आहे.

V2 ची वायर काढली तेव्हा वजन २ गेलं, N = ६ झाला. P तर ६ होताच. N/P एक झालं आणि V3 ला ४, V4 ला १ असे पुस्तकी गेन मिळाले. तुमचं तीन इनपुटचं सर्किट योगायोगाने संतुलित होतं. V2 आल्यावर ते संतुलन गेलं, आणि ते परत आणायला प्लस बाजूला काहीच बदललं नाही.

मात्र तो योगायोग अगदीच आंधळा नव्हता. ग्राउंडला जाणारा १०० के तुम्ही पुस्तकातून उचललात. तो तिथे Rf एवढाच का असतो? ते समजण्यासाठी एक प्रयोग मनातल्या मनात करून बघा. चारही इनपुट आणि प्लस बाजूच्या रेझिस्टरचं ग्राउंडचं टोक, अशा पाचही टोकांचं व्होल्टेज एकदम एक व्होल्टने वाढवा. सगळेच सारखे वर गेले तर रेझिस्टरांमधून वाहणारे करंट बदलायचं कारण नाही. दोन्ही पिना एक व्होल्टने वर जातील, आणि Rf मधला करंट तोच राहायचा तर आउटपुटही बरोबर एक व्होल्टने वर जायला हवं. याचा अर्थ असा की सगळ्या गेनची चिन्हासकट बेरीज, ग्राउंडचा गेन धरून, नेहमी +१ असते. रेझिस्टर कितीही वेडेवाकडे असले तरी.

'ग्राउंडचा गेन' हे ऐकायला विचित्र वाटतं, पण ग्राउंड हे शून्य व्होल्ट दिलेलं एक इनपुटच आहे. तुमच्या सर्किटमध्ये त्याचा गेन १ × ८/६ = १.३३. पडताळून पाहा: −५ − २ + ५.३३ + १.३३ + १.३३ = १, थोडी राउंडिंगची चूक सोडली तर. मी कुणाचंही समिंग-डिफरन्सचं गणित तपासतो तेव्हा पहिल्यांदा ही बेरीज करतो. ती एक आली नाही तर पुढे वाचायची गरज नसते.

आता पुस्तकातला दोन इनपुटचा डिफरन्स अँप्लिफायर घ्या. एक गेन +G, दुसरा −G. दोघांची बेरीज शून्य, म्हणून ग्राउंडच्या वाट्याला उरतो +१, आणि संतुलित सर्किटमध्ये वजन १ म्हणजे Rf एवढाच रेझिस्टर. तो १०० के तिथे बसतो तो एवढ्यासाठी. तुमच्या तीन इनपुटच्या सर्किटमध्येही −५, +४, +१ यांची बेरीज शून्यच होती, म्हणून तोच १०० के चालून गेला. V2 ने −२ आणलं आणि बेरीज −२ झाली.

तेव्हा दुरुस्ती समोरच आहे. तुम्हाला −५, −२, +४, +१ हवेत. त्यांची बेरीज −२. एकूण +१ व्हायला ग्राउंडचा गेन +३ हवा. वजन ३ म्हणजे १०० के भागिले ३, ३३.३ के. प्लस पिनवर आधीच एक १०० के आहे, त्याला समांतर आणखी दोन १०० के टाका, झालं. आता P = ४ + १ + ३ = ८ आणि N ही ८. Vx = (२.४ + ०.३)/८ = ०.३३७५ व्होल्ट, त्याची आठपट २.७, त्यातून V1 चा एक व्होल्ट वजा आणि V2 चा एक व्होल्ट मिळवून आउटपुट २.७. बाजारात मिळणारा ३३ के घातलात तर P किंचित वाढून ८.०३ होईल आणि V3 चा गेन ४ ऐवजी ३.९८५ पडेल. एक टक्का टॉलरन्सच्या रेझिस्टरांत हा फरक दिसणारही नाही.

हीच पद्धत उलट्या दिशेने डिझाइन करायला वापरा. हवे ते गेन कागदावर लिहा, बेरीज करा, एकमधून वजा करा. उरलेला आकडा धन आला तर तेवढ्या वजनाचा रेझिस्टर प्लस पिनवरून ग्राउंडला जातो. शून्य आला तर ग्राउंडला काहीच लागत नाही. ऋण आला तर तेवढ्या वजनाचा रेझिस्टर मायनस पिनवरून ग्राउंडला जातो. ही शेवटची स्थिती पुस्तकांतून सहसा दिसत नाही, म्हणून एक उदाहरण. समजा +६, +३ आणि −२ हवेत आणि Rf ६० के घेतला. बेरीज +७, एकमधून वजा केल्यावर −६. प्लस पिनवर १० के आणि २० के, मायनस पिनवर इनपुटसाठी ३० के, आणि मायनस पिनवरूनच ग्राउंडला १० के. N = २ + ६ + १ = ९, P = ६ + ३ = ९. जुळलं. इथे नेहमीच्या सवयीने प्लस पिनवरून ग्राउंडला एक रेझिस्टर टाकून दिला असता तर P फुगून दोन्ही धन गेन खाली आले असते, आणि मग लोक Rf बदलत बसतात. Rf बदलला की ऋण गेन बिघडतो आणि गाडी पुन्हा तिथेच येते.

संतुलनाचा आणखी एक फायदा आहे, तो फुकटात मिळतो. ७४१ च्या पिना थोडा करंट घेतात, डेटाशीटमध्ये तो साधारण ८० नॅनोअँपिअर टिपिकल दिलेला असतो. हा करंट पिनेला दिसणाऱ्या रेझिस्टन्समधून गेला की तिथे व्होल्टेज पडतं. मायनस पिनेला दिसणारा रेझिस्टन्स म्हणजे Rf/N, प्लस पिनेला Rf/P. N आणि P सारखे असले की दोन्हीकडे १२.५ के, दोन्हीकडे एकच मिलिव्होल्ट, आणि फरकात ते निघून जातं. म्हणजे ज्या रेझिस्टरने गेन बरोबर आले, त्यानेच बायस करंटची चूकही सावरली. दोन्ही पिनांच्या करंटमध्ये जो थोडा फरक असतो तेवढा मात्र उरतो.

ऑफसेट व्होल्टेज असं निघून जात नाही. ते थेट N ने गुणलं जातं. ७४१ च्या साध्या प्रतीचं ऑफसेट २ मिलिव्होल्ट टिपिकल, ६ पर्यंत जाऊ शकतं. म्हणजे आउटपुटवर १६ पासून ४८ मिलिव्होल्टपर्यंत. तुमचा V4 फक्त एक गेनने येतो आहे म्हणून त्याला ऑफसेट एकच पट लागेल असं समजू नका. ऑफसेटला N दिसतो. बँडविड्थलाही N च दिसतो: ७४१ चं गेन-बँडविड्थ सुमारे १ मेगाहर्ट्झ, भागिले ८, म्हणजे चारही इनपुटांना सव्वाशे किलोहर्ट्झच्या आसपास, मग त्यांचा स्वतःचा गेन पाच असो की एक. एका ऑप-अँपवर दहा-बारा इनपुट लादायला मी तयार नसतो ते याच कारणाने. मायनस बाजूच्या प्रत्येक नवीन इनपुटबरोबर N वाढतो आणि सगळ्यांच्या वाट्याची चूकही वाढते.

तुम्ही इनपुट बफर केलीत हे फार बरं केलंत. ते का, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढच्या प्रोजेक्टमध्ये बफर वाचवायचा मोह होईल.

साध्या इन्व्हर्टिंग समिंग अँप्लिफायरमध्ये मायनस पिन ग्राउंडच्या पातळीवर असते. म्हणून तिथे प्रत्येक सोर्सला फक्त स्वतःचा रेझिस्टर दिसतो आणि कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. प्लस पिनवर इनपुट आली की ही सोय संपते. मायनस पिन आता Vx वर असते आणि Vx हलता असतो. तुमच्या मूळ सर्किटचंच पाहा: Vx होता ०.४५ व्होल्ट आणि V1 होता ०.२. म्हणजे २० के मधून करंट V1 कडून नोडकडे नाही, नोडकडून V1 कडे जात होता, १२.५ मायक्रोअँपिअर. धन व्होल्टेज देणाऱ्या सोर्सला इथे करंट गिळावा लागतो. बफर हे निमूटपणे करतो. करंट फक्त बाहेर देऊ शकणारा एखादा सेन्सर असेल तर त्याचं व्होल्टेज वर ढकललं जाईल आणि तुम्ही त्या सेन्सरला दोष द्याल. प्लस बाजूला तर V3 आणि V4 एकमेकांना १२५ के मधून सरळ जोडलेलेच आहेत.

बफर नसताना पॉटचं काय होतं तेही बघा. समजा V1 दहा के च्या पॉटच्या मधल्या टोकावरून सरळ घेतला. पॉट मध्यावर असताना त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स दोन ५ के समांतर, म्हणजे २.५ के. तो २० के मध्ये मिळतो आणि २२.५ के होतात. V1 चं वजन ५ वरून ४.४४ वर येतं. इतपत तर कुणीही ओळखेल. पण त्याच वेळी N आठवरून ७.४४ झाला, त्यामुळे दुरुस्त केलेल्या सर्किटमध्येही V3 चा गेन ४ वरून ३.७२ वर आला. V1 चा पॉट फिरवला आणि V3 चा गेन सरकला, असा हा प्रकार. पॉट टोकाकडे नेला की त्याचा रेझिस्टन्स कमी होऊन गेन परत वाढतात, म्हणून ही चूक एका ठरावीक आकड्याने सुधारताही येत नाही.

टॉलरन्सबद्दल थोडंच सांगतो. गेन एखाद्या टक्क्याने चुकला तर बऱ्याच कामांत चालतं. डिफरन्सच्या कामात चालत नाही, कारण तिथे दोन मोठ्या, जवळपास सारख्या संख्यांची वजाबाकी असते. चार सारखे एक टक्क्याचे रेझिस्टर घेऊन एक गेनचा डिफरन्स अँप्लिफायर केला, तर नशीब सगळ्यात वाईट असताना दोन्ही इनपुटांवरच्या सामाईक एका व्होल्टपैकी सुमारे २० मिलिव्होल्ट आउटपुटवर गळतात. डेसिबलमध्ये हे ३४ होतं, आणि ते ऑप-अँपच्या डेटाशीटमधल्या कॉमन-मोड रिजेक्शनच्या ९० डेसिबलशी काहीही संबंध ठेवत नाही. महाग ऑप-अँप घालून हे सुधारत नाही. पाच टक्क्यांच्या रेझिस्टरांनी तेच १०० मिलिव्होल्टच्या घरात जातं. असमान वजनांच्या सर्किटमध्ये एक अडचण अधिक: २५ के आणि ५० के हे नेहमीच्या मालिकेतले आकडे नाहीत. दुकानात २४ के आणि ५१ के हातात देतात. एक टक्क्याच्या मालिकेत २४.९ आणि ४९.९ मिळतात, पण मला त्यापेक्षा एकाच पट्टीतले १०० के घेऊन समांतर जोडणं आवडतं. चार समांतर म्हणजे वजन ४, दोन समांतर म्हणजे वजन २. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत एका व्हॅल्यूची अख्खी पट्टी सुट्या भागांपेक्षा सहज मिळते, आणि एका पट्टीतले रेझिस्टर एकमेकांशी बहुधा त्यांच्या टॉलरन्सपेक्षा चांगले जुळतात. वजनाच्या भाषेत विचार केला की जुळणीच महत्त्वाची, खरा किलोओहम नाही.

ब्रेडबोर्डवर पुढच्या वेळी आकडा जुळला नाही तर आउटपुटकडे बघत बसू नका. मल्टिमीटर पिन ३ वर लावा. कागदावरच्या Vx शी ते जुळलं नाही तर चूक प्लस बाजूच्या रेझिस्टरांत किंवा V3-V4 मध्ये आहे, मायनस बाजूला हात लावायचं कारण नाही. पिन ३ जुळली तर पिन २ बघा. ती पिन ३ च्या काही मिलिव्होल्टच्या आत असायला हवी. नसेल तर फीडबॅक काम करत नाही: एकतर आउटपुट सप्लायजवळ जाऊन अडकलं आहे, किंवा Rf चा पाय ब्रेडबोर्डच्या भोकात बसलेला नाही, किंवा आयसी गेली. दोन्ही पिना जुळतात आणि तरी आउटपुट चुकतं, तर मायनस बाजूच्या एखाद्या रेझिस्टरची व्हॅल्यू किंवा V1-V2 चुकले आहेत. तुम्ही हे केलं असतंत तर पिन ३ वर ०.४५ आणि पिन २ वर ०.४५ दिसलं असतं, आणि ऑप-अँप प्रामाणिक आहे हे आयसी बदलण्याआधीच कळलं असतं.

ग्राउंडचा तो नवा रेझिस्टर कुठे जोडता याकडे लक्ष द्या. त्याचा गेन +३ आहे. ब्रेडबोर्डच्या ज्या पट्टीतून रिले किंवा मोटरचा करंट परत जातो तिथे त्याचं टोक खुपसलंत आणि त्या पट्टीवर २० मिलिव्होल्ट पडत असले, तर आउटपुटवर ६० मिलिव्होल्टची चूक दिसेल. आउटपुट ज्या बिंदूच्या संदर्भात मोजणार आहात, त्याच बिंदूवर हा रेझिस्टर आणा. एकाच सप्लायवर चालवायचं झालं तर हेच टोक अर्ध्या सप्लायच्या बफर केलेल्या संदर्भाला जोडायचं. सगळी इनपुट त्या संदर्भावर असली की आउटपुटही त्याच संदर्भावर बसतं, कारण गेनची बेरीज एक आहे. मात्र मायनस पिनवरून ग्राउंडला रेझिस्टर असेल तर त्याचंही टोक तिथेच न्यायला हवं.

आणि दुरुस्तीनंतर V2 ची वायर पुन्हा उपटून पाहिलीत तर घाबरू नका. आता १.७ येणार नाही, १.०३ च्या आसपास येईल: N सहावर घसरला, P आठच राहिला, V3 चा गेन ३ झाला. ५० के चं टोक ग्राउंडला लावा, १.७ परत येईल. वापरताना एखादं इनपुट निघण्याची शक्यता असेल, म्हणजे प्लग काढता येणारं असेल, तर प्लग निघाला की टोक आपोआप ग्राउंडला जाईल असा स्विचवाला जॅक घ्या. तुमच्यासारखी बफरची रचना असेल तर बफरच्या इनपुटवरून ग्राउंडला एक १०० के कायमचा ठेवा. प्लग निघाला तरी बफरचं आउटपुट शून्याजवळ राहील, ५० के सर्किटमध्येच राहील आणि N हलणार नाही.